सातवीचा ग्रुप बंद करताना सूचना आणि फाईल कशा जपाव्यात

प्रश्न: आमची जिल्हा परिषदेची शाळा अमळनेर तालुक्यात आहे. माझ्या सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप १ मेच्या निकालानंतर बंद करायचा आहे. वर्षभराच्या सूचना, सरावपत्रिका, फॉर्मचे नमुने सगळे त्यातच आहे आणि जूनमध्ये पालक तेच पुन्हा मागतात. ग्रुप `Archive` केला तर सगळे जपून राहील ना? की आणखी काही करावे लागेल?

उत्तर:

मॅडम, `Archive` केल्याने काहीच जपले जात नाही. तो ग्रुप तुमच्या फोनच्या मुख्य यादीतून उचलून वेगळ्या कप्प्यात जातो, एवढेच. नवा मेसेज आला तरी तो वर येत नाही आणि सूचनेचा आवाज वाजत नाही. फाईलची दुसरी प्रत कुठेही तयार होत नाही. फोन पडला, हरवला किंवा जागा भरली म्हणून कोणी साफ केला, तर कप्प्यातला ग्रुपही त्याच्यासोबत जातो. पालकांच्या फोनवर तर तुमच्या `Archive` करण्याचा काही परिणामच होत नाही.

गुगलवर रात्री बॅकअप जातो, त्यावरही विसंबू नका. तो बॅकअप त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा बसवताना अख्खाच्या अख्खा परत येतो. त्यातली एखादी पीडीएफ उघडून पालकाला देता येत नाही. उद्या तुमची बदली झाली आणि नव्या शिक्षकांना मागच्या वर्षीचा अर्जाचा नमुना हवा असला, तर त्यांना त्या बॅकअपचा काडीचा उपयोग नाही. म्हणून ग्रुपमधले कामाचे तेवढे बाहेर काढून शाळेच्या ताब्यात ठेवणे, हाच मार्ग आहे. आमच्या भागात एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. दुपारचे दोन-तीन निवांत तास मिळाले तर एका वर्गाचे हे काम उरकते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. ग्रुपवर आलेली फाईल व्हॉट्सअ‍ॅपकडे कायम ठेवलेली नसते. ती थोडे दिवस त्यांच्या सर्व्हरवर असते आणि नंतर ज्याने ती डाउनलोड केली त्याच्याच फोनवर उरते. जूनमध्ये आलेल्या एखाद्या फोटोवर खाली जाणारा बाण तसाच दिसत असेल, म्हणजे तुम्ही तो तेव्हा उघडलाच नव्हता, तर आज त्यावर बोट ठेवून पाहा. बहुतेक वेळा तो येणार नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असे उत्तर येईल. आपल्याकडे हे फार घडते, कारण नेट वाचवायला आपण फोटो आणि कागदपत्रे आपोआप उतरणे बंद करून ठेवतो. त्यामुळे पहिले काम एकच. ग्रुपचे नाव दाबा, `Media, links and docs` मध्ये जा, `Docs` उघडा आणि महिनावार खाली जात जा. ज्या फाईलवर बाण आहे ती उतरवून घ्या. जी उतरत नाही तिचे नाव आणि तारीख वहीत लिहा.

तुम्ही स्वतः पाठवलेल्या सूचनांची एवढी काळजी करू नका, त्या तुमच्या फोनवर आहेत. फाईल मॅनेजरमध्ये `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` या वाटेने गेलात की `WhatsApp Documents` हे फोल्डर दिसेल आणि त्याच्या आत `Sent`. तुमच्या पीडीएफ तिथे असतात. फोटोंसाठी तसेच `WhatsApp Images` आणि त्याच्या आत `Sent`. अडचण एकच की तिथे सगळ्या ग्रुपचा माल एकत्र असतो. केंद्राच्या ग्रुपवरची माहिती, भावकीच्या लग्नपत्रिका, सगळे एकाच ठिकाणी. म्हणून निवड करायची ती ग्रुपच्या `Docs` मधून. एखादी फाईल तिथून उघडत नसली तर या फोल्डरमध्ये तारखेवरून शोधावी.

आता निर्यात. ग्रुप उघडा, वरचे तीन ठिपके, `More`, मग `Export chat`. आयफोनवर हाच पर्याय ग्रुपच्या माहितीच्या पानावर खाली असतो. पुढे विचारेल की फोटो-फाईलसह हवे की त्याशिवाय. दोन्ही करा, वेगवेगळे. फाईलशिवाय केलेली निर्यात म्हणजे साधी मजकुराची फाईल. व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलेली मर्यादा तिच्यासाठी ४०,००० मेसेजची आहे, म्हणजे एका वर्गाचे वर्ष तिच्यात आरामात मावते. फाईलसह केलेल्या निर्यातीत शेवटचे १०,००० मेसेज येतात आणि फाईल जोडताना ताज्या आधी घेतल्या जातात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: जागा अपुरी पडली तर गळते ते जून-जुलैचे. आणि वर्षाच्या सुरुवातीलाच तर गणवेश, पुस्तके, वेळापत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज, लागणाऱ्या दाखल्यांची यादी अशा कामाच्या गोष्टी आलेल्या असतात. एप्रिलमधले स्नेहसंमेलनाचे फोटो जपले जातात आणि जूनची यादी जाते.

निर्यात कुठे पाठवायची असे विचारले की बरेच जण जीमेल निवडतात. तिथे २५ एमबीपेक्षा मोठी जोडणी जात नाही, म्हणून ड्राइव्ह निवडा. `Export chat` फिकट दिसत असेल किंवा दाबल्यावर नकार देत असेल, तर ग्रुपच्या माहितीत `Advanced chat privacy` चालू आहे का ते बघा. ते चालू असताना निर्यात होत नाही आणि फाईल आपोआप उतरतही नाहीत. तुम्ही अ‍ॅडमिन आहात, काम होईपर्यंत ते बंद ठेवा. त्याच पानावर `Disappearing messages` सुद्धा तपासा. कोणी ते ९० दिवसांवर लावून ठेवले असेल तर दिवाळीआधीचे मेसेज केव्हाच गेले असतील आणि मग निर्यातीत ते शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

निर्यात पूर्ण आली की नाही हे अंदाजाने ठरवू नका. मजकुराची फाईल उघडली की ओळी अशा दिसतात:

```
16/06/25, 9:42 am - वर्गशिक्षक: DOC-20250616-WA0004.pdf (file attached)
17/06/25, 8:05 pm - वर्गशिक्षक: <Media omitted>
```

पहिल्या ओळीतली फाईल सोबत आली आहे, दुसरीतली आलेली नाही. फाईलसह केलेल्या निर्यातीत `<Media omitted>` हे शब्द शोधा. जिथे जिथे ते सापडतील तिथे काय होते ते आजूबाजूच्या मेसेजवरून कळते. स्टिकर किंवा शुभ सकाळ असेल तर पुढे जा. सूचना असेल तर तिची नोंद त्याच वहीत करा. मराठी अक्षरे चौकटी किंवा चित्रविचित्र खुणांसारखी दिसली तर घाबरू नका. फाईल बिघडलेली नसते, जुने एक्सेल तिला चुकीच्या पद्धतीने वाचते. ती ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, नीट दिसेल.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही मागच्या उन्हाळ्यात सातवीचाच ग्रुप असा आवरला, ते सविस्तर सांगतो, म्हणजे प्रत्यक्षात काय काय आडवे येते ते कळेल. पालक चाळिसेक होते, मेसेज चार हजारांच्या आसपास. त्यातले बहुतेक ‘ओके सर’, हात जोडलेल्या खुणा, वाढदिवस आणि कोण आजारी म्हणून येणार नाही ते. वर्गशिक्षकांनी मजकुराची फाईल वरून खाली वाचली आणि ज्या सूचनेची उद्या कोणाला गरज पडू शकते तेवढ्याच वेगळ्या केल्या. साठेक निघाल्या. पालकसभेची वेळ, सहलीची वर्गणी, उद्या सुट्टी, हे सगळे सोडले. शिष्यवृत्ती अर्जाला काय लागते, दाखल्यांसाठी कोणते कागद, बँक खाते आधारशी जोडण्याची सूचना, विषयवार सरावपत्रिका, सुट्टीतला अभ्यास, हे ठेवले. ही निवड मशीनवर सोपवता येत नाही, ती वर्गाला ओळखणाऱ्या शिक्षकानेच करायची.

फाईलसह केलेल्या निर्यातीत जूनच्या चार पीडीएफ नव्हत्या. दोन `Sent` फोल्डरमध्ये सापडल्या. उरलेल्या दोन केंद्राकडून आलेल्या आणि दुसऱ्या शिक्षकांनी ग्रुपवर टाकलेल्या होत्या आणि त्यांनी मधल्या काळात फोन बदललेला. मग ग्रुपवरच विचारले: ‘१८ जूनची दाखल्यांची यादी ज्यांच्या फोनवर उघडते त्यांनी पाठवावी.’ एका पालकाने अर्ध्या तासात दिली. त्यांच्या फोनवर फाईल आपोआप उतरत असत. म्हणून सांगतो, ग्रुप बंद करण्याच्या आधी हे काम करा. तीसचाळीस फोनपैकी एखाद्यावर हरवलेली फाईल असतेच, पण ती मागायला ग्रुप चालू हवा.

दुसरी अडचण फॉन्टची. काही सूचना जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून वर्डची फाईल म्हणून पाठवल्या होत्या. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे ती नीट दिसते, बाकी ठिकाणी इंग्रजी अक्षरांचा कचरा. अशी फाईल जशीच्या तशी जपून काही मिळत नाही. जिथे ती बरोबर दिसते त्या संगणकावर, बहुधा शाळेच्याच, उघडायची आणि पीडीएफ करून ठेवायची. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार सोबत जातो, मग कोणत्याही फोनवर वाचता येते.

तिसरी गोष्ट आवाजी मेसेजची. आपल्याकडे अनेक पालकांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते, म्हणून शिक्षक सूचना बोलून टाकतात, काही जण तर अहिराणीतच, आणि ते योग्यच आहे. पण निर्यातीत ती `PTT-20240714-WA0002.opus` अशा नावाने येते आणि आत काय आहे ते नावावरून कळत नाही. आम्ही कामाच्या तेवढ्या ऐकल्या आणि प्रत्येकीचा सार एका ओळीत लिहून घेतला. आवाजाची फाईलही ठेवली. काही संगणकांवर ती सहज वाजत नाही, तेव्हा व्हीएलसी वापरावे.

मग नावे बदलली. `DOC-20240714-WA0006.pdf` हे नाव कोणाला काही सांगत नाही. त्याचे आम्ही असे केले:

```
2024-07-14_शिष्यवृत्ती_अर्ज-नमुना.pdf
2024-08-02_गणित_अपूर्णांक-सराव.pdf
```

तारीख पुढे आणि वर्ष आधी, म्हणजे फाईल आपोआप क्रमाने लागतात. तारीख ग्रुपवर टाकल्याची घ्यायची, आज जतन केल्याची नाही. पालक विचारतात तेही तसेच असते, ‘श्रावणात टाकेल ती पीडीएफ कोठे शे?’ तारखेचा अंदाज त्यांना असतो, फाईलचे नाव नसते. यासोबत एका पानाची सूची केली: तारीख, विषय, सूचना थोडक्यात, फाईलचे नाव. ज्या सूचनेला फाईलच नव्हती, नुसता मेसेज होता, तिचा मजकूर सूचीतच उतरवला. हे एक पान मला सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. वेळ कमी असेल तर बाकी काही राहिले तरी चालेल, सूची करा.

`Docs` च्या शेजारी `Links` आहे, तिथेही एक फेरी मारा. दुवा जपला म्हणजे मजकूर जपला असे होत नाही. कोणीतरी स्वतःच्या ड्राइव्हवरून दिलेली सरावपत्रिका त्याने पुसली की तुमच्याकडे रिकामा दुवा उरतो. आज उघडत असेल तर आजच उतरवून घ्या. गुगल फॉर्मचे दुवे मुदत संपल्यावर निरुपयोगी होतात, ते सूचीत घेऊच नका.

आता ठेवायचे कुठे. शाळेच्या नावाचे जीमेल खाते असेलच, त्यात लॉगिन करून ड्राइव्हवर फोल्डर करा आणि त्याच खात्यातून फाईल चढवा. हे आग्रहाने सांगतो, कारण आपल्या खात्यातून शाळेच्या फोल्डरमध्ये फाईल टाकली तर ती दिसते शाळेच्या फोल्डरमध्ये, पण मालकी तुमची राहते. उद्या तुम्ही स्वतःचे खाते साफ केले की ती शाळेकडूनही जाते. मोफत जागा १५ जीबी असते आणि तीत मेलही धरले जातात. पीडीएफ आणि मजकुराला ती वर्षानुवर्षे पुरते, सहलीचे व्हिडिओ चढवलेत तर नाही पुरणार. आणखी एक, दोन वर्षे कोणीच उघडले नाही तर गुगल ते खाते बंद करून त्यातली माहिती पुसू शकते. म्हणून दर जूनला मुख्याध्यापकांनी एकदा लॉगिन करावे आणि पासवर्ड शाळेच्या नोंदीत असावा, एकट्या शिक्षकाच्या डोक्यात नको. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा.

फोल्डर दोन करा, आणि इथे अजिबात ढिलाई नको. एक पालकांसाठी: सूची, सूचना, सरावपत्रिका, कोरे नमुने. याचा दुवा `Anyone with the link` आणि `Viewer` असा द्या, म्हणजे कोणालाही बघता येईल, बदलता येणार नाही. दुसरे शाळेपुरते, कोणालाच न दिलेले. त्यात निर्यातीची मूळ फाईल जाईल. ती मूळ फाईल पालकांना कधीही देऊ नका. जे नंबर तुमच्या फोनमध्ये नावाने नाहीत ते त्यात नंबर म्हणूनच छापलेले असतात. कोणाची वर्गणी राहिली, कोणाचा मुलगा का आला नाही, हे सगळे त्यात असते.

पालकांनी ग्रुपवरच टाकलेले आधार कार्डाचे फोटो, पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला, हे कोणत्याच फोल्डरमध्ये नको. काम झाले असेल तर ते तुमच्या फोनवरूनही पुसा आणि ग्रुपवर सगळ्यांना पुसायला सांगा. सगळ्यांच्या फोनवरून एकदम पुसण्याची सोय मेसेज पाठवल्यावर सुमारे दोन दिवसच असते, म्हणून जुन्या फोटोंसाठी प्रत्येकाला आपापल्या फोनवर पुसावे लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मुलांचे फोटोही त्यामुळे उघड्या फोल्डरमध्ये टाकू नका, ज्यांना हवे त्यांना त्यांच्या मुलाचा फोटो स्वतंत्र पाठवा.

दुवा तयार झाला की तो नुसता मेसेज म्हणून टाकून थांबू नका. वर पिन केला तरी पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, म्हणजे १ मेला केलेली पिन शाळा उघडेपर्यंत गेलेली असेल. दुवा ग्रुपच्या वर्णनात लिहा. वर्णन तसेच राहते आणि ग्रुपचे नाव दाबले की समोर दिसते. मग ग्रुपच्या परवानग्यांमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिनना पाठवता येतील असे करा आणि नाव बदलून ‘सातवी २०२५-२६ (बंद)’ ठेवा. हाच ग्रुप ‘आठवी’ म्हणून पुढे चालवण्याचा मोह बऱ्याच शाळांना होतो. मला तो पटत नाही. काही मुले दाखला घेऊन जातात, काही नवी येतात, आणि गेलेल्या मुलांचे पालक तिथेच राहून नव्या वर्गाचे सगळे वाचत असतात. नव्याने आलेल्यांना मात्र मागचे आपोआप दिसत नाही. आठवीचा ग्रुप नवा करावा.

तुम्ही बाहेर पडण्याआधी मुख्याध्यापक किंवा दुसऱ्या शिक्षकांना अ‍ॅडमिन करा. एकच अ‍ॅडमिन असेल आणि तो बाहेर पडला तर व्हॉट्सअ‍ॅप सदस्यांपैकी कोणालाही आपोआप अ‍ॅडमिन करते, मग वर्णनातला दुवा कोण बदलेल ते तुमच्या हातात राहत नाही.

ऊसतोडीला किंवा सुरतकडे कामाला जाणाऱ्या घरांत फोन बाहेर असतो, नंबरही बदलतो. त्यांच्यासाठी सूचीच्या पानाची एक छापील प्रत कार्यालयात फाईलला लावा, दाखल्यांची यादी आणि कोरे नमुने सोबत. पालक प्रत्यक्ष आले तर झेरॉक्स देता येते.

शेवटी तपासणी. शाळेच्या खात्याशी संबंध नसलेला एखाद्या पालकाचा किंवा घरातल्या कोणाचा फोन घ्या, ग्रुपच्या वर्णनातला दुवा दाबा आणि सूचीतल्या तीन फाईल उघडून पाहा. एक जूनची, एक दिवाळीच्या आसपासची, एक मार्चची. परवानगी मागणारे पान आले तर दुवा अजून बंदिस्त आहे. तिन्ही उघडल्या आणि मराठी नीट वाचता आली, तरच तुमच्या फोनवरचा ग्रुप `Clear chat` करून जागा मोकळी करा. ते करताना फाईलही पुसायच्या का असे विचारले जाते, तिथे एकदा थांबून पेनड्राइव्हवरची प्रत उघडते ना ते पाहून मगच होकार द्या. ग्रुप मात्र जूनचे प्रवेश पूर्ण होईपर्यंत ठेवाच, तोवर वर्णनातल्या दुव्याची पालकांना गरज लागत राहील.